जुना नंबर बंद पडला आणि आता जीमेल उघडत नाही

(ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या छोट्या भाषणाचं टिपण. ज्यांना मागे बसून नीट ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी थोडं वाढवून लिहिलं आहे.)

मंडळी, मोबाइलची अडचण घेऊन संघात येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. "पासवर्ड बरोबर आहे, मला तोंडपाठ आहे, तरी आत घेत नाही." मग कळतं की फोन नवीन आहे, मुलाने किंवा सुनेने दिवाळीत आणून दिलेला, आणि त्यात सिमही नवीन आहे. जुन्या नंबरचं कुणी विचारलं तर उत्तर येतं, "तो आता कशाला? उगीच दोन-दोन रिचार्ज!" सगळं घोडं तिथे पेंड खातं.

सुरक्षेवरच्या भाषणांत साधारणपणे पन्नास गोष्टी सांगतात आणि घरी जाईपर्यंत एकही लक्षात राहत नाही. म्हणून मी ही एकच अडचण घेतली आहे. नंबर बदलल्यामुळे बाहेर राहिलेलं गूगलचं खातं, म्हणजे आपलं जीमेल, परत कसं मिळवायचं आणि परत मिळाल्यावर काय करायचं, एवढंच.

अडचण नेमकी कुठली, हे आधी ओळखा

"उघडत नाही" या एका तक्रारीमागे तीन वेगळे आजार असू शकतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. म्हणून पडद्यावर काय लिहून आलं आहे ते वाचा. घाईघाईत मागे जाऊ नका. इंग्रजी समजत नसेल तर दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढून ठेवा.

पासवर्ड चुकीचा आहे असं लिहून आलं, तर पहिला संशय कीबोर्डवर घ्या. फोनचा कीबोर्ड कधी कधी पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो, आणि सुचवलेला शब्द निवडला तर त्याच्यामागे एक रिकामी जागा सोडतो. दिसायला बरोबर दिसतं, पण खात्याच्या लेखी तो दुसराच पासवर्ड होतो. पासवर्डाच्या चौकटीशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की टाइप केलेली अक्षरं दिसतात. ती डायरीशी ताडून पाहा.

तुमचा पासवर्ड अमुक दिवसांपूर्वी बदलला गेला, असं लिहून आलं तर थांबून आठवा. तुम्ही किंवा घरातल्या कुणी बदलला होता का? नसेल, तर खात्यात दुसरं कुणीतरी शिरलं आहे. अशा वेळी उद्यावर ढकलू नका.

तिसरा आणि आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा प्रकार असा, की पासवर्ड चालतो, पुढचं पान येतं आणि तिथे लिहिलेलं असतं की एक आकडा तुमच्या फोनवर पाठवला आहे. त्या नंबरच्या जागी ठिपके असतात आणि शेवटी फक्त दोन आकडे दिसतात. हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या. आत्ताच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे तेच असतील तर ओटीपी तुमच्याकडेच यायला हवा. वेगळे असतील तर तो जुन्या नंबरावर जातो आहे, आणि इथे बसून कितीही वेळा पुन्हा पाठवा म्हटलं तरी तुमच्या हातातला फोन वाजणार नाही.

"पण मी तर असली दोन पायऱ्यांची भानगड चालूच केली नव्हती," असं बरेच जण म्हणतात. ते खरं असू शकतं. गूगलने 2021 पासून कोट्यवधी खात्यांना ही दुसरी पायरी आपणहून लावली. शिवाय ती लावलेली नसली तरी नव्या फोनवरून कुणी शिरताना दिसलं की गूगल खात्री करून घेतं.

याचा अर्थ इतकाच, की तुमचं खातं आता फक्त पासवर्डावर उघडत नाही. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, तसं. एक किल्ली पासवर्डाची, ती तुमच्या डोक्यात किंवा डायरीत. दुसरी तुमच्या नंबराची किंवा फोनची. रिचार्ज थांबवला तेव्हा ही दुसरी किल्ली हातची गेली.

जुन्या नंबराचं काय झालं?

पहिलं काम म्हणजे दुसऱ्या फोनवरून आपल्याच जुन्या नंबराला फोन लावून बघा. नंबर बंद आहे किंवा अस्तित्वात नाही अशी टेप लागली, तर त्याच दिवशी त्या कंपनीच्या गॅलरीत जा. सोबत आधार आणि जुनं सिम न्या. नंबर नुकताच बंद झाला असेल आणि तुमच्या नावावर असेल तर तो पुन्हा चालू होण्याची शक्यता असते, पण ही मुदत थोडी असते. दूरसंचार नियामकाने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की बंद झालेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. 90 दिवसांनंतर तो दिला जाऊ शकतो. त्या नंबरावर अनोळखी माणसाने फोन उचलला तर समजा की तो आता त्याचा आहे. त्याच्याशी भांडू नका आणि "माझा ओटीपी तेवढा सांगा हो" असंही म्हणू नका. त्या बिचाऱ्याने रीतसर नवीन सिम घेतलं आहे. तुमच्या बँकेचे एसएमएस त्याला येत असतील तर तोही वैतागलेला असणार.

नंबर मुलाच्या नावावर असेल तर गॅलरीत मुलालाच जावं लागतं. आपल्याकडे हे फार आहे. फोन आईचा, सिम मुलाच्या आधारवर, आणि मुलगा टेक्सासला.

सिम फक्त हरवलं असेल किंवा खराब झालं असेल तर काम सोपं आहे. गॅलरीतून त्याच नंबराचं नवं सिम मिळतं. मात्र सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवतात. दुसऱ्या कुणी तुमच्या नावाने सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून ही सोय आहे. त्यामुळे सिम घालून दहा मिनिटांत ओटीपी आला नाही म्हणून पुन्हा गॅलरीत भांडायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा.

कर्वेनगरच्या काकूंची गोष्ट

आता एक प्रकरण पहिल्यापासून सांगतो. काकू निवृत्त शिक्षिका आहेत. आयकराचं विवरणपत्र भरायचं म्हणून त्यांच्या सीएने म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट मागितलं. ते दरवर्षी ईमेलवर येतं. नवीन फोनवर जीमेल उघडलं तर त्यात मुलीची पत्रं! मुलीने फोन आणला तेव्हा घाईत स्वतःचं खातं टाकून तो चालू करून दिला होता. काकूंचं खातं त्या फोनवर कधी आलंच नव्हतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण व्हॉट्सअॅप नीट चालत होतं.

काकूंनी स्वतःचा पत्ता आणि पासवर्ड टाकला. पासवर्ड चालला. पुढे लिहून आलं की आकडा 36 ने संपणाऱ्या नंबरावर पाठवला आहे. काकूंचा सध्याचा नंबर 81 ने संपतो. 36 चा नंबर रिचार्ज न केल्यामुळे चारेक महिन्यांपूर्वी बंद झालेला. गॅलरीतल्या मुलाने संगणकावर बघून सांगितलं की आता तो नंबर परत मिळणार नाही. त्याआधी काकूंनी त्या पानावर पुन्हा पुन्हा बटण दाबलं होतं. त्यामुळे फार प्रयत्न झाले, काही तासांनी या, असं लिहून यायला लागलं होतं.

मी विचारलं, "काकू, जुना फोन कुठे आहे?"

"तो काय करायचाय? त्यात सिमच नाही. काच फुटलीय त्याची."

"काच फुटली असू द्या. टाकला नाहीत ना?"

"टाकीन कशी? पेटीत आहे."

आपल्या पिढीची काही न टाकायची सवय इथे कामाला आली. पुष्कळांना हे माहीत नसतं, की जुन्या फोनवर तुमचं गूगल खातं अजून चालू असेल तर त्यात सिम नसलं तरी तो दुसऱ्या किल्लीचं काम करतो. त्याला फक्त इंटरनेट लागतं, आणि ते घरच्या वायफायवर मिळतं.

फोन बाहेर काढला, तर बॅटरी पार उतरलेली. तासभर चार्जिंगला लावून ठेवला. चालू झाला आणि दुसरी अडचण उभी राहिली. काकू तो फोन नेहमी बोटाने उघडायच्या. पण अँड्रॉइड फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला की पहिल्यांदा बोट चालत नाही, पिन किंवा नक्षी द्यावीच लागते. काकूंना नक्षी आठवेना. शेजारच्या मुलाने सुचवलं, "फोन रिसेट मारू या का, सगळं साफ होईल." हे मात्र कधीही करू नका. रिसेट केला की फोनवरचं खातं पुसलं जातं, म्हणजे हातातली उरलेली किल्ली गेली. आणि रिसेट झाल्यावर तोच फोन पुन्हा चालू करायला आधीचंच गूगल खातं मागतो. चोराला फोन विकता येऊ नये म्हणून ती सोय असते. तुम्ही दोन्हीकडून अडकता.

काकूंना मी डोळ्यांपुढे काही आणू नका, फोन हातात घेऊन सवयीने बोट फिरवा म्हटलं. पाचेकदा चुकलं, मग फोनने अर्धा मिनिट थांबायला लावलं, आणि नंतर नक्षी जमली. तुमची जमली नाही तर घाई करू नका. चुका वाढत गेल्या की थांबण्याचा वेळही वाढत जातो. ज्या नातवाने फोन लावून दिला होता त्याला आधी विचारा.

पुढचा अडथळा म्हणजे जुना फोन वायफायला जोडला जाईना, कारण मधल्या काळात राउटर बदलला होता. नवा पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या पट्टीवर होता. तो टाकल्यावर फोनची तारीख-वेळ आपोआप नीट झाली आणि साठलेल्या सूचना येऊन पडल्या.

गूगलने सांगितलेले काही तास उलटू दिले. मग संध्याकाळी नव्या फोनवर काकूंनी पुन्हा पत्ता आणि पासवर्ड टाकला. 36 चं पान आलं. तिथे आता ओटीपी मागवायचा नाही. त्या पानावर खाली `Try another way` असं लिहिलेलं असतं, ते दाबायचं. मग इतर मार्गांची यादी येते. त्यात `Tap Yes on your phone or tablet` असा एक मार्ग दिसला. तो निवडला. काही सेकंदांत फुटलेल्या काचेच्या फोनवर प्रश्न आला की तुम्हीच आत येताय का. नव्या फोनवर एक दोन अंकी आकडा दिसत होता. जुन्या फोनवर दिसणाऱ्या आकड्यांतून तोच निवडायचा होता. काकूंनी निवडला आणि जीमेल उघडलं. स्टेटमेंट तिथेच होतं.

या प्रश्नाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. तुम्ही स्वतः कुठे शिरत नसताना तुमच्या फोनवर हा प्रश्न आला, तर नाही म्हणा आणि पासवर्ड बदला. फोनवरून कुणी "काका, आता पडद्यावर येईल तिथे 47 दाबा" असं सांगत असेल तर तो तुमच्या हातून स्वतःसाठी दार उघडून घेतो आहे.

जुना फोन नसेल तर

जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला असेल, तर अवघड होतं, पण रस्ता बंद होत नाही. घरात जुना लॅपटॉप, टॅबलेट किंवा संगणक असेल, ज्यावर तुम्ही कधीकाळी जीमेल उघडत होता, तर आधी तिथे बघा. कदाचित ते अजून उघडंच असेल. तिथून सुरक्षेच्या पानावर जाऊन नंबर बदलता येतो.

तेही नसेल तर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाइप करा:

```
g.co/recover
```

हे गूगलचं खातं परत मिळवण्याचं पान आहे. इथे तुम्ही काय सांगता त्याइतकंच कुठून सांगता तेही महत्त्वाचं आहे. पलीकडे माणूस बसलेला नसतो. हा माणूस नेहमीच्याच घरून, नेहमीच्याच यंत्रावरून येतो आहे का, हे यंत्रच बघतं. म्हणून हे काम नेहमीच्या घरी, घरच्या वायफायवर, जमल्यास आधी वापरलेल्या संगणकावर आणि त्याच ब्राउझरमधून करा. अमेरिकेतल्या मुलाला "तूच बघ रे तिकडून" असं सांगितलंत, तर मुलगा कितीही हुशार असला तरी गूगलला तो परका दिसतो. सायबर कॅफेतून केलं तरी तेच.

प्रश्न येतील. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारतील. नक्की आठवत नसेल तरी जो सर्वांत अलीकडचा वाटतो तो लिहा, रिकामं सोडून पुढे जाऊ नका. दुसरा ईमेल पत्ता मागितला तर ज्याची पत्रं तुम्ही आज वाचू शकता असा द्या. बायकोचा, मुलीचा चालेल, बंद पडलेल्या खात्याचा नको. मग कधी लगेच दार उघडतं, कधी काही तास किंवा काही दिवस थांबा असं सांगतात. थांबायला सांगितलं तर खरंच थांबा. मधल्या वेळात रोज सकाळ-संध्याकाळ नवे अर्ज केल्याने काम लवकर होत नाही, उलट बिघडतं.

आणि कधी कधी नाही मिळत. पडद्यावर येतं की हे खातं तुमचंच असल्याची खात्री पटली नाही. नेहमीच्या यंत्रावरून, घरून, नीट उत्तरं देऊन एक-दोनदा केलेला प्रयत्न असाच संपला तर मी नवीन खातं उघडायला सांगतो. मग डायरी घेऊन बसायचं आणि हा जुना पत्ता कुठे कुठे दिला होता त्याची यादी करायची. बँक, म्युच्युअल फंड, विमा, पेन्शन, आयकर, गॅसची एजन्सी. एकेका ठिकाणी पत्ता बदलायचा. बँकेचं स्टेटमेंट शाखेतही मिळतं. फोटो मात्र गेलेले असू शकतात.

या टप्प्यावर माणूस हताश होतो आणि गूगलवरच गूगलचा हेल्पलाइन नंबर शोधतो. पुढची फसवणूक इथून सुरू होते. आपल्यासारख्यांची फुकट खाती परत करून देणारं, फोनवर बोलणारं गूगलचं ऑफिस नाही. जो नंबर सापडेल तो भामट्याचाच समजा. पलीकडचा गोड बोलतो, फोनमध्ये पडदा दाखवणारं एखादं अॅप टाकायला लावतो, "पडताळणीसाठी" दहा रुपये पाठवायला सांगतो, आणि तुमचा यूपीआय पिन टाकताना तो तिकडे बघत असतो. असे पैसे गेले तर ताबडतोब 1930 ला फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे आधी तो फोन, मग बँक, नातेवाइकांना नंतर. लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते.

आत शिरल्यावर लगेच काय करायचं

काकूंना आनंदाने चहा ठेवायला उठायचं होतं. मी म्हटलं, आधी पंधरा मिनिटं हे करू. दार उघडलंय तोवरच कुलूप बदलून घ्यायचं असतं. क्रम महत्त्वाचा आहे.

नव्या फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल या नावावर जायचं, तिथे `Manage your Google Account`, मग `Security`. फोनागणिक मांडणी थोडी वेगळी असते, पण सुरक्षेचं पान तिथेच असतं. त्यात `Recovery phone` आणि दोन पायऱ्यांच्या पडताळणीचा नंबर या दोन वेगळ्या जागा आहेत. नंबर दोन्हीकडे बदलावा लागतो. एक बदलून दुसरा विसरणारे खूप, आणि ते सहा महिन्यांनी पुन्हा त्याच ठिपक्यांपुढे येऊन बसतात. काकूंच्या खात्यात दोन्हीकडे 36 होता, दोन्हीकडे 81 घातला. बदलल्यावरही साधारण आठवडाभर गूगल जुन्या नंबरावर आकडा पाठवायचा पर्याय देऊ शकतं. कुणी चोराने नंबर बदलला असता तर खऱ्या मालकाला परतायला वाट राहावी म्हणून ते ठेवलेलं आहे. त्यामुळे 36 पुन्हा दिसला तर घाबरू नका.

मग `Recovery email`. इथे काकूंनी मुलीचा पत्ता घातला. मुलगी पुण्यात असती तर नंबरही तिचा घालता आला असता, पण ती परदेशात आहे. मुलाचा परदेशातला नंबर घालून ठेवणारी घरं मी बघितली आहेत. इथे सकाळी अकराला बँकेत उभं राहून ओटीपी मागवायचा आणि तिकडे मध्यरात्र! तो उठेपर्यंत आकड्याची मुदत संपते. म्हणून नंबर स्वतःचा, रोज खिशात असणाऱ्या फोनचा. दुसरा ईमेल मात्र मुलाचा असला तर हरकत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण ती कागदावर होते. दोन पायऱ्यांच्या पडताळणीच्या पानावर `Backup codes` असतात. दाबलं की आठ अंकांचे दहा आकडे मिळतात. फोन हरवला, सिम गेलं, नंबर बंद पडला तरी यातला एक आकडा ओटीपीच्या जागी चालतो. प्रत्येक आकडा एकदाच वापरता येतो, वापरला की खोडा. नवीन दहा काढले की जुना कागद रद्द होतो, म्हणून वर तारीख घाला. काकूंनी ते ठळक अक्षरात लिहून मुदतठेवींच्या पावत्यांच्या फाइलीत ठेवले. या आकड्यांचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका. फोन गेला की तेही गेले. आणि कागदावर खात्याचा पासवर्ड लिहू नका, तो वेगळ्या डायरीत.

हो, मी पासवर्ड डायरीत लिहायला सांगतो. तरुण मंडळी यावर नाक मुरडतात. पण आपल्याला फसवणारा चोर फोनवर असतो, कपाटातली डायरी वाचायला तो घरी येत नाही. डायरी घरात ठेवा, पिशवीत घालून मंडईत नेऊ नका. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र त्यातही नको.

जुना फोन सर्वांत शेवटी. नव्या फोनवर सगळं चालतंय, नंबर दोन्हीकडे बदललाय, कागद फाइलीत आहे, एवढं झाल्यावरच जुन्या फोनवरून खातं काढायचं आणि तो रिसेट करायचा. काकूंनी तो परत पेटीत ठेवला, ते त्यांचं त्या जाणोत.

व्हॉट्सअॅपची थोडी वेगळी गत

व्हॉट्सअॅपचं खातं नंबराशीच जोडलेलं असतं. त्यामुळे तुमचा सोडलेला नंबर मिळालेल्या माणसाने त्यावर व्हॉट्सअॅप चालू केलं, तर तुमच्या फोनवरचं बंद होतं. नंबर सोडायचा असेल तर तो चालू असतानाच व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये `Change number` ने नवीन नंबरावर जा. शिवाय तिथे सहा आकडी पिन लावता येतो, तो लावा आणि सोबत ईमेल द्या. पिन विसरलात आणि ईमेल दिलेला नसेल तर सात दिवस वाट बघावी लागते.

कुणी फसवून तुमचं व्हॉट्सअॅप घेतलं असेल, म्हणजे ओळखीच्या लोकांना तुमच्या नावाने पैसे मागणारे निरोप जात असतील, तर अॅप उघडून आपल्याच नंबराने पुन्हा नोंदणी करा. एसएमएसने आलेला सहा आकडी कोड टाकला की तो माणूस बाहेर पडतो. त्याने आपला पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस लागतील, पण तोवर त्यालाही आत येता येणार नाही. त्या दिवसांत नातेवाइकांना फोन करून सांगा, सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या कुणाकडून टाकून घ्या.

बँकेत आधी

नंबर बदलायचं ठरलं असेल तर जुना नंबर चालू असतानाच बँकेच्या शाखेत जा. पासबुक, आधार आणि अर्ज घेऊन नंबर बदलून घ्या, नवीन नंबरावर एसएमएस आल्याशिवाय शाखा सोडू नका. मग पेन्शन, आधार, गॅस, फंड, आणि शेवटी गूगल व व्हॉट्सअॅप. हे सगळं आटपेपर्यंत जुन्या सिमला सर्वांत स्वस्त रिचार्ज मारत राहा. त्याचे पैसे चुकवून फार काही वाचत नाही.

पुढच्या मंगळवारी कुणाला हे संघात बसून करायचं असेल तर या. येताना नवीन फोन, जुना फोन, दोन्हींचे चार्जर आणि चष्मा आणा. पासवर्डाची डायरी आणलीत तर ती स्वतःच्या हातात ठेवा, टाइप तुम्हीच करायचं आहे. खातं आधीच अडकलेलं असेल त्यांनी मात्र संघात येऊ नका. तुमचं काम तुमच्याच घरच्या वायफायवर व्हायला हवं, मला फोन करा, मी तिकडे येईन.